लाल-काळा वृक्ष : नवीन नोंद घालणे आणि तोल राखणे

लाल-काळा वृक्ष (रेड-ब्लॅक ट्री) हा स्वतःचा तोल सांभाळणारा बायनरी सर्च ट्री आहे. त्यातल्या प्रत्येक नोडला लाल किंवा काळा रंग दिलेला असतो, आणि रंगांचे काही नियम पाळले की वृक्षाची उंची नोंदींच्या संख्येच्या लॉगरिदमच्या प्रमाणात राहते. मूळ कल्पना रुडॉल्फ बायर यांनी 1972 मध्ये मांडली. लिओनिदास गिबास आणि रॉबर्ट सेजविक यांनी 1978 मध्ये तिला रंगांची भाषा दिली आणि तेव्हापासून हे नाव रूढ झाले. जावाचा `TreeMap` याच रचनेवर उभा आहे आणि लिनक्स कर्नलमध्येही ती जागोजागी वापरली जाते.

साध्या बायनरी सर्च ट्रीत लहान किल्ली डावीकडे आणि मोठी उजवीकडे जाते. नोंदी यादृच्छिक क्रमाने आल्या तर वृक्ष बऱ्यापैकी पसरतो. पण प्रत्यक्षातल्या याद्या बहुधा आधीच लावलेल्या असतात. अकोला जिल्ह्याच्या सात तालुक्यांची वर्णानुक्रमे यादी घ्या : अकोट, अकोला, तेल्हारा, पातूर, बार्शीटाकळी, बाळापूर, मूर्तिजापूर. ही नावे याच क्रमाने साध्या वृक्षात घातली तर प्रत्येक नवे नाव आधीच्या नावाच्या उजवीकडे लागते. सात नावांची सात पातळ्यांची सरळ साखळी तयार होते आणि मूर्तिजापूर शोधायला सातही नावे ओलांडावी लागतात. लाखभर नोंदींची लावलेली यादी असेल तर साखळीही लाखभर पातळ्यांची होईल. रंगांचे नियम ही साखळी होऊ देत नाहीत.

नियम. मूळ नोड काळा असतो. लाल नोडचे अपत्य लाल असू शकत नाही. कोणत्याही नोडपासून खाली निघून रिकाम्या जागेपर्यंत पोचणाऱ्या प्रत्येक वाटेवर काळ्या नोडांची संख्या सारखीच असते, आणि रिकामी जागा काळी धरतात. मूळ नोडपासून मोजलेल्या या संख्येला काळी उंची म्हणतात. इथे ती मोजताना रिकामी जागा सोडून दिली आहे.

नवा नोड नेहमी लाल रंगात घालतात. तो काळा घातला तर त्याच्या वाटेवर एक काळा वाढेल, बाकीच्या वाटांवर वाढणार नाही आणि बिघाड सगळ्या वृक्षभर पसरेल. लाल घातल्यास काळी उंची अबाधित राहते. फार तर नव्या नोडचा पालकही लाल निघेल, म्हणजे दोन लाल लागोपाठ येतील. हा दोष एकाच ठिकाणी असतो, म्हणून तो तिथल्या तिथे हाताळता येतो. पालक लाल असेल तर तो मूळ नोड असूच शकत नाही. त्यामुळे आजोबा नक्की असतो आणि तो काळाच असतो. पुढे काय करायचे हे काकाच्या, म्हणजे पालकाच्या भावंडाच्या, रंगावर ठरते.

अकोल्याची यादी. अकोट हा पहिला नोड, म्हणून मूळ आणि काळा. अकोला त्याच्या उजवीकडे लाल लागतो, त्यात दोष नाही. तेल्हारा अकोल्याच्या उजवीकडे लाल येतो आणि दोन लाल लागोपाठ होतात. आजोबा अकोट आहे आणि काकाची जागा रिकामी, म्हणजे काळी. आजोबा, पालक आणि नवा नोड एका रेषेत उजवीकडे झुकले आहेत. अशा वेळी आजोबाभोवती एक डावे रोटेशन करतात : अकोला वर चढतो, अकोट त्याच्या डावीकडे खाली उतरतो, आणि दोघांचे रंग आपसांत बदलतात. आता अकोला काळा मूळ नोड आहे आणि अकोट व तेल्हारा ही त्याची लाल अपत्ये. रोटेशनने नोडांच्या वरखाली जागा बदलतात, पण डावीकडून उजवीकडे वाचलेला वर्णानुक्रम तोच राहतो. म्हणून तोल साधताना शोधाला बाधा येत नाही.

चौथे नाव पातूर. ते तेल्हाऱ्याच्या उजवीकडे लागते आणि पुन्हा दोन लाल जुळतात, पण या वेळी काका अकोट लाल आहे. इथे काही हलवायची गरज नाही, रंग बदलला की पुरते. पालक आणि काका काळे होतात, आजोबा लाल होतो. आजोबातून खाली जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर आधी त्याचा एक काळा होता, आता त्याच्याखालचा एक काळा आहे. गणित तेच राहिले. आजोबा अकोला मूळ नोड असल्याने नियमाप्रमाणे तो लगेच पुन्हा काळा करतात, आणि याच क्षणी संपूर्ण वृक्षाची काळी उंची 1 वरून 2 होते. नोंद घालताना काळी उंची वाढण्याची वाट ही एकच. ती मूळ नोडपाशीच वाढते, म्हणून सर्व वाटांवर एकदम आणि सारखी वाढते. मला या रचनेतला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

उरलेली तीन नावे याच दोन उपायांनी बसतात. बार्शीटाकळीसाठी तेल्हाऱ्याभोवती रोटेशन होते, बाळापूरसाठी फक्त रंग बदलतात आणि मूर्तिजापूरसाठी बार्शीटाकळीभोवती रोटेशन होते. शेवटी मूळ नोड अकोला, त्याच्या डावीकडे काळा अकोट आणि उजवीकडे लाल पातूर. पातूरच्या डावीकडे काळा तेल्हारा, उजवीकडे काळा बाळापूर, आणि बाळापूरखाली बार्शीटाकळी व मूर्तिजापूर हे दोन लाल. सात पातळ्यांच्या जागी चार झाल्या.

अमरावतीची तीन नावे. एका रेषेत न बसणारी स्थिती बघण्यासाठी याच वृक्षात अमरावती जिल्ह्यातले तीन तालुके घालू. अचलपूर काळ्या तेल्हाऱ्याच्या डावीकडे लाल लागतो, दोष नाही. मग चिखलदरा येतो आणि अचलपूरच्या उजवीकडे लागतो. आजोबा तेल्हारा, पालक अचलपूर डावीकडे आणि नवा नोड पालकाच्या उजवीकडे, असा इथे कोन झाला आहे. काकाची जागा रिकामी आहे. थेट आजोबाभोवती फिरवले तर दोन लाल वेगळ्या रूपात तसेच राहतात. म्हणून आधी पालकाभोवती डावे रोटेशन करून कोन सरळ करतात आणि मग आजोबाभोवती उजवे रोटेशन करतात. चिखलदरा वर येऊन काळा होतो, अचलपूर आणि तेल्हारा त्याची लाल अपत्ये होतात.

तिसरे नाव दर्यापूर, आणि त्याच्यापाशी दोष वर चढताना दिसतो. ते तेल्हाऱ्याच्या उजवीकडे लाल लागते. काका अचलपूर लाल आहे, म्हणून रंग बदलतात : अचलपूर व तेल्हारा काळे, चिखलदरा लाल. पण चिखलदऱ्याचा पालक पातूर लालच आहे! दोष नाहीसा झाला नाही, दोन पातळ्या वर सरकला. आता चिखलदऱ्याला नवा नोड समजून तीच तपासणी पुन्हा करायची. पालक पातूर, आजोबा अकोला, काका अकोट काळा. पातूर अकोल्याच्या उजवीकडे आणि चिखलदरा पातूरच्या डावीकडे, म्हणजे पुन्हा कोन. पातूरभोवती उजवे रोटेशन होते, मग अकोल्याभोवती डावे. चिखलदरा मूळ नोड होऊन काळा होतो, अकोला आणि पातूर लाल होऊन त्याच्या दोन बाजूंना बसतात.

रोटेशनच्या वेळी सुटलेल्या उपवृक्षांकडे लक्ष हवे. चिखलदऱ्याच्या डावीकडचा अचलपूर आता अकोल्याच्या उजवीकडे जातो, आणि उजवीकडचा तेल्हारा दर्यापूरसह पातूरच्या डावीकडे. तिसऱ्या पातळीवर अकोट, अचलपूर, तेल्हारा, बाळापूर हे चार काळे, आणि चौथ्यावर दर्यापूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर हे तीन लाल. दहा नावे चार पातळ्यांत बसली. याहून कमी पातळ्यांत ती कोणत्याही बायनरी वृक्षात मावणार नाहीत.

एका नोंदीपायी रंगबदल मूळ नोडपर्यंत चढू शकतो, पण रोटेशने जास्तीत जास्त दोनच होतात, कारण रोटेशन झाले की दोष तिथेच संपतो.

उंची लॉगरिदमिक का राहते. काळी उंची b असेल तर वरच्या b पातळ्यांत कुठेही रिकामी जागा असू शकत नाही. तशी असती तर त्या वाटेवर b काळे मावलेच नसते. म्हणून नोडांची संख्या n किमान 2^b − 1 असते, म्हणजेच b ≤ log2(n + 1). दुसरीकडे, मूळ नोड काळा आहे आणि दोन लाल लागोपाठ येत नाहीत. त्यामुळे कोणत्याही वाटेवर लालांची संख्या काळ्यांपेक्षा जास्त होऊ शकत नाही आणि वाटेची लांबी 2b च्या पुढे जात नाही. दोन्ही एकत्र केले की मिळते :

```
h ≤ 2 · log2(n + 1)
```

दोन्ही जिल्ह्यांचे मिळून 21 तालुके घातले तर ही मर्यादा 8 पातळ्यांची येते, आणि दहा लाख नोंदींसाठी 39 पातळ्यांची. नावे कोणत्याही क्रमाने आली तरी ही हमी कायम असते. 1962 चा एव्हीएल वृक्ष यापेक्षा काटेकोर असतो, त्याची उंची साधारण 1.44 · log2 n च्या आत राहते. पण नोंद काढताना त्यात रोटेशने मूळ नोडपर्यंत होत जाऊ शकतात. लाल-काळ्या वृक्षात ती तीनच्या पुढे जात नाहीत.

चुका आणि तपासणी. प्रोग्राममध्ये हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी अशा : मूळ नोड पुन्हा काळा न करणे, रोटेशननंतर उपवृक्षाचा पालक-पॉइंटर न बदलणे, रिकाम्या काकाचा रंग वाचायला जाणे. यांतल्या काही चुकांनी उत्तरे बरोबरच येतात, फक्त वृक्ष हळूहळू उंच होतो. म्हणून केवळ शोधाच्या निकालावर विसंबू नये. प्रत्येक नोंदीनंतर मूळ नोड काळा आहे ना ते बघावे आणि रंगांची ही तपासणी चालवावी :

```python
def is_red(x):
    return x is not None and x.red

def black_height(x):
    if x is None:
        return 0
    l = black_height(x.left)
    r = black_height(x.right)
    assert l == r
    if x.red:
        assert not is_red(x.left)
        assert not is_red(x.right)
    return l + (0 if x.red else 1)
```

एक चूक मात्र या तपासणीच्याही नजरेतून निसटते, आणि मराठी नावांत ती सहज घडते. युनिकोडच्या अंकक्रमाने तुलना केली तर अनुस्वाराचा अंक व्यंजनांच्या आधी येतो, म्हणून अमरावती जिल्ह्यातलेच अंजनगाव सुर्जी वरच्या वृक्षात घातले तर अकोटच्याही आधी, त्याच्या डावीकडे लाल लागते. पुढे कोणी तुलना बदलून "अं" ला वर्णमालेप्रमाणे "औ" च्या नंतर ठेवले, तर हेच नाव शोधताना वाट चिखलदऱ्यावरून अकोल्याकडे आणि तिथून उजवीकडे अचलपूरला जाते, आणि अचलपूरच्या उजवीकडे रिकामी जागा लागते. नाव वृक्षात असून सापडत नाही. नव्याने घातले तर ते काळ्या अचलपूरखाली लाल बसते, रंगांचा एकही नियम मोडत नाही आणि एकाच तालुक्याच्या दोन नोंदी होतात. तुलना बदलायची असेल तर जुना वृक्ष दुरुस्त करता येत नाही. सर्व नावे नव्या तुलनेने रिकाम्या वृक्षात पुन्हा घालावी लागतात.