तरता पाया

\* तरता पाया : पाया मातीवर खरोखर तरंगत नाही, हिशेब मात्र होडीचाच आहे. मऊ, पाण्याने भरलेल्या चिकणमातीचा घनमीटर साधारण १.६ टन भरतो. ३ मीटर खोल खणले की दर चौरस मीटरवरून ४.८ टन ओझे उतरते. तिथे पोकळ, पेटीसारखे तळघर बांधून वरच्या मजल्यांसह एकूण भार दर चौरस मीटरला ५ टन ठेवला, तर खालच्या मातीवर नवे ओझे फक्त ०.२ टन येते. बाकीचे ओझे ती आधीपासून पेलत आलेली असल्याने तिच्यातले पाणी फारसे पिळून निघत नाही आणि इमारत फारशी खचत नाही.

खरी कसोटी खणतानाची. ओझे उतरताच खड्ड्याचा तळ फुगतो आणि भार परतला की पुन्हा बसतो. खड्डा फार दिवस उघडा राहिला तर तळ पाणी पिऊन मऊ होतो. म्हणून खणण्याआधीच तळाखाली खुणेचे गज रोवून त्यांची पातळी मोजत राहतात. मेक्सिको सिटीतल्या ४४ मजली तोरे लातिनोअमेरिकाना (१९५६) या इमारतीचा काही भार असाच मातीच्या बदल्यात पेलला आहे, उरलेला खांबांवर आहे.

निघोजे गावातल्या कारखान्यांना मात्र हे तंत्र लागू करू नये. इथल्या काळ्या मातीखाली मुरूम आणि काळा पाषाण आहे. पाया तिथवर नेणेच योग्य. शिवाय काळी माती पावसाळ्यात फुगते, आणि भार जितका हलका, तितका पाया उचलला जाण्याचा धोका अधिक. – संपा.