थंड पाण्याची कळ : दातांना नेमके काय होते आणि रोज काय करावे

उन्हाळ्यात इंदूरच्या घराघरांत माठ, सरबत, बर्फाचा गोळा आणि आइस्क्रीम सुरू होते, आणि त्याबरोबरच 'थंड पाणी दातांना लागते' ही तक्रारही. तक्रार साधी वाटते, पण तिच्यामागे दोन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एकीवर घरच्या घरी उपाय होतो. दुसरीसाठी दंतवैद्याकडे लवकर जावे लागते. या लेखात आम्ही मुख्यतः पहिलीबद्दल लिहीत आहोत, आणि दुसरी कशी ओळखावी तेही सांगत आहोत.

कळ कुठून येते?

दाताचे बाहेरचे पांढरे कठीण आवरण म्हणजे एनॅमल. त्यात नस नसते, त्यामुळे त्याला थंड-गरम काहीच कळत नाही. एनॅमलच्या आत डेंटिन नावाचा पिवळसर थर असतो. या थरात केसाहूनही कितीतरी बारीक अशा असंख्य नळ्या असतात. त्या दाताच्या मध्यभागी असलेल्या नसेपर्यंत जातात आणि त्यांत पातळ द्रव भरलेला असतो.

डेंटिन झाकलेले असते तोवर नळ्यांची तोंडे बंद असतात. ते उघडे पडले की थंड पेयाने नळीतला द्रव एकदम आकसतो आणि बाहेरच्या बाजूला सरकतो. या हालचालीने आतल्या नसेच्या टोकांना ओढ बसते, आणि मेंदूला ती सणक म्हणून जाणवते. म्हणजे दुखते ते थंडीमुळे थेट नव्हे, तर द्रव हलल्यामुळे. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकात हे प्रयोगांतून पुढे आणले आणि आजही हेच स्पष्टीकरण मानले जाते. गोड खाल्ल्यावर किंवा तोंडाने गार हवा आत ओढल्यावर तशीच कळ का येते, हेही त्यातून उलगडते, कारण तिन्ही वेळा द्रव बाहेरच्या दिशेनेच सरकतो. गरम चहाने द्रव आतल्या दिशेने आणि सावकाश सरकतो. त्यामुळे या प्रकारात चहा सहसा थंडाइतका लागत नाही.

डेंटिन उघडे का पडते?

बहुतेकांच्या बाबतीत सुरुवात हिरडीजवळ होते. हिरडी खाली सरकली की दाताचे मूळ दिसू लागते. मुळावर एनॅमल नसतेच. तिथे फक्त एक पातळ थर असतो आणि तो ब्रशने सहज झिजतो. हिरडी सरकण्याची दोन नेहमीची कारणे म्हणजे हिरड्यांचा आजार आणि जोर लावून आडवे घासणे. राखुंडी, मशेरी किंवा खरखरीत मंजन बोटाने रगडण्याची सवय असेल तर झीज आणखी वाढते.

दुसरे कारण आंबट पदार्थ. लिंबू, चिंच, कोकम, शीतपेये यांतील आम्लाने एनॅमलचा वरचा थर काही काळ मऊ पडतो. लाळेतील क्षार त्याला पुन्हा कठीण करतात, पण त्याला वेळ लागतो. त्या मऊ वेळेतच ब्रश फिरवला तर थर घासला जातो.

एक उदाहरण

समजा, पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत. सकाळी उठल्यावर लिंबू-मधाचे पाणी घेतात आणि लगेच कडक ब्रशने जोरात दात घासतात. नाश्त्याला पोहे, वर भरपूर लिंबू पिळलेले. दुपारी सरबताचा ग्लास घेऊन तासभर घोट घोट पीत बसतात. थंड पाणी प्यायले की वरच्या डाव्या सुळ्याला आणि शेजारच्या दोन उपदाढांना कळ येते, पण घोट गिळल्यावर लगेच थांबते. आरशात पाहिले तर त्याच दातांच्या मुळाशी, हिरडीलगत, नखाला लागेल अशी खाच आहे. उजव्या हाताने घासणाऱ्याचा जोर बहुधा डाव्या बाजूच्या सुळ्याच्या वळणावर जास्त पडतो, म्हणून खाच नेमकी तिथे.

त्यांनी पाच बदल करायचे. दात आधी घासायचे आणि लिंबूपाणी नंतर घ्यायचे. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची आणि ब्रश करायचाच असेल तर निदान अर्धा तास थांबायचे. सरबत रेंगाळत न पिता एका बैठकीत संपवायचे, कारण प्रत्येक घोटाबरोबर दातांवर नव्याने आम्ल येते. ब्रश मऊ घ्यायचा. तो मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरायचा, केस हिरडीकडे तिरके टेकवायचे आणि आडवे रगडण्याऐवजी जागच्या जागी हलके हलवायचे. महिन्याभरात ब्रशचे केस बाहेर फाकले, तर हात अजून जड आहे असे समजावे.

पाचवा बदल टूथपेस्टचा. संवेदनशील दातांसाठीच्या पेस्ट दोन प्रकारे काम करतात. काहींत पोटॅशियम नायट्रेट असते. ते नसेची उत्तेजना हळूहळू कमी करते. काहींत स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिनसारखे घटक असतात. ते नळ्यांची तोंडे बुजवतात. घटक पाकिटावर वाचून घ्यावेत. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी ही पेस्ट वापरावी आणि घासून झाल्यावर थुंकावे. भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरल्यास औषध धुऊन जाते. फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवस वापरून 'काही उपयोग नाही' म्हणत पेस्ट बदलणे, ही नेहमी होणारी गफलत आहे. बरे वाटल्यावर जुना ब्रश आणि जुना जोर परत आला, तर कळही परत येते.

मात्र एक मर्यादा ध्यानात असावी. पडलेली खाच पेस्टने भरून येत नाही आणि सरकलेली हिरडी आपोआप वर चढत नाही. खाच खोल असेल तर दंतवैद्य ती दाताच्या रंगाच्या साहित्याने भरतात किंवा त्या जागी लेप लावतात.

केव्हा थांबू नये

वरचे सारे उपाय क्षणभर येऊन जाणाऱ्या कळेसाठी आहेत. पुढील लक्षणे वेगळी आहेत :

- थंड घोट गेल्यावरही कळ अर्धा मिनिट किंवा जास्त रेंगाळणे
- गरमानेही ठणका लागणे
- काही न खाता-पिता, विशेषतः रात्री, दात दुखणे
- चावताना एकाच दातात कळ येणे, किंवा दातावर काळा डाग वा खड्डा दिसणे
- हिरडी सुजणे, तिच्यातून पू येणे

अशा वेळी कीड नसेपर्यंत पोहोचलेली असू शकते किंवा दाताला तडा गेलेला असू शकतो. पेस्टने दुखणे दबले तरी आतला बिघाड चालूच राहतो. लवकर गेले तर साध्या भरणीवर निभावते, उशीर झाला तर रूट कॅनालची वेळ येते. महिनाभर नीट काळजी घेऊनही कळ तशीच राहिली, तरी दाखवून घ्यावे.

दात स्वच्छ करून घेतल्यावर काही दिवस थंड लागते, म्हणून 'मशीनने दात झिजवले' असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात साचलेले किटण निघाल्यामुळे त्याखाली झाकलेले मूळ उघडे झालेले असते. ही कळ बहुधा काही दिवसांत ओसरते, आणि तेवढ्या काळात हीच पेस्ट उपयोगी पडते. मात्र त्या भीतीने किटण तसेच ठेवले, तर हिरडी आणखी खाली जाते आणि उघडे मूळ वाढत राहते.