अग्रगामी व पश्चगामी गणना

प्रकल्पाच्या जालचित्रावरून प्रत्येक कार्याच्या लवकरात लवकरच्या व उशिरात उशिराच्या वेळा काढून सवड आणि निर्णायक मार्ग निश्चित करण्याची दोन टप्प्यांची रीत. अमेरिकेत ड्यू पाँटचे मॉर्गन वॉकर व रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास विकसित केलेल्या निर्णायक मार्ग पद्धतीचे हे गणितांग होय (पहा : पर्ट).

घराच्या बांधकामात पाया ४ दिवसांचा, त्यानंतर एकाच वेळी चालणारी भिंतींची चिणाई ६ व चौकटींची सुतारी ३ दिवसांची, आणि दोन्ही आटोपल्यावरच आरंभ होणारे छप्पर ५ दिवसांचे मानल्यास, अग्रगामी गणनेत चिणाई दहाव्या व सुतारी सातव्या दिवसाअखेर संपते. जेथे अनेक कार्ये मिळतात तेथे महत्तम अंक घ्यावयाचा असल्याने छप्पर १० दिवसांनंतर सुरू होऊन प्रकल्प १५ दिवसांत पुरा होतो. पश्चगामी गणनेत १५ पासून मुदती वजा करीत मागे येताना, जेथे वाटा फुटतात तेथे लघुतम अंक घेतात; म्हणून चिणाईचा आरंभ ४ व सुतारीचा ७ दिवसांपलीकडे लांबविता येत नसल्याने, पायाची अखेरची मुदत ४ हीच ठरते.

उशिराच्या व लवकरच्या आरंभातील अंतर म्हणजे सवड : सुतारीस ती ३ दिवस, इतरांस शून्य, अर्थात पाया–चिणाई–छप्पर हा निर्णायक मार्ग. एकाच साखळीतील कार्यांची सवड सामाईक असल्याने एकाने खर्चिलेली दुसऱ्यास उरत नाही. करारातील मुदत १३ दिवसांची असल्यास निर्णायक मार्गावरील सवड उणे २ येते व ती मुदत, कार्यकाल घटविल्यावाचून, असाध्य असल्याचे दर्शविते (पहा : गँट आलेख).