बूच आणि पोलादी अळी

दिवाळीत भाच्याने नाशिकहून लाल वाइनची बाटली आणली होती. इस्लापूरच्या आमच्या घरात ती सगळा उन्हाळा कपाटावर उभी राहिली आणि उघडायचा मुहूर्त लागला तो मृगाच्या तोंडावर. भाच्याने स्क्रू फिरवून जोर लावला, तर अर्धं बूच भुग्यासकट हातात आलं आणि अर्धं बाटलीच्या मानेत अडकलं. "मामा, तुटलं की हे!" म्हणत त्याने चाकू उचलला, तसं मी त्याचं मनगट धरलं. काचेवरून चाकूचं टोक घसरलं की ते थेट तळहातात जातं.

बूच हा शब्द पोर्तुगीज 'बुचा'वरून आला, असं मानतात. बुचा म्हणजे भोकात ठासलेला बोळा. ठासणीच्या बंदुकीत दारूवर जो बोळा ठासत, त्यालाही पोर्तुगीजात हेच नाव. आपल्याकडे पावसाळ्यानंतर ज्याच्या पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा पडतो, त्या बुचाच्या झाडालाही नाव त्याच्या मऊ, भेगाळ सालीवरून मिळालं. खऱ्या बुचाऐवजी ही साल वापरत, पण ती हलक्या प्रतीची. खरं बूच पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओक वृक्षाच्या सालीचं. ही साल साधारण दर 9 वर्षांनी सोलतात आणि झाड जगतं.

सुमारे 24 मिलिमीटर जाडीचं बूच दाबून साडेअठरा मिलिमीटरच्या मानेत बसवतात. दाबलेली साल सतत फुलू पाहते, म्हणून ती काचेला घट्ट धरते. बाटली आडवी असेल तर वाइन बुचाला ओलं ठेवते. उभ्या बाटलीत ते कोरडं पडतं आणि कोरडं बूच ठिसूळ होतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दुसरं काय होणार!

ते काढायचं अवजारही बंदुकीच्याच घरातलं. नळीत अडकलेला बोळा ओढून काढायला सैनिक काठीच्या टोकाला पोलादी वेटोळं लावत. इंग्रजीत त्याला 'वर्म', म्हणजे अळी म्हणत. 1681 साली नेहेमाया ग्रू याने बाटलीचं बूच काढणाऱ्या पोलादी अळीचा उल्लेख केला आहे. बंदुकीतला बुचा काढणारी अळी बाटलीतलं बूच काढू लागली, हा योग मला फार आवडतो. पुढे 1795 साली सॅम्युअल हेन्शॉल या इंग्रज पाद्र्याने तिच्या वर एक चकती बसवून पेटंट घेतलं. अळी पुरती आत गेली की चकती बुचावर टेकते आणि आणखी फिरवलं की बूचच फिरतं. त्याची काचेवरची पकड सुटते, मग ओढायला फारसा जोर लागत नाही. भाच्याने नेमका हाच टप्पा गाळला होता.

त्याचा स्क्रूही वाईट होता. चांगल्या अळीच्या वेटोळ्यामधून पेन्सिलीचं शिसं सरळ खाली जातं. मधे भरीव दांडा असलेला स्क्रू गिरमिटासारखा बुचाचा भुगा करतो. शेजाऱ्यांकडून चांगला स्क्रू आणला. बाटलीच्या मानेला जाड फडकं गुंडाळलं, उरलेल्या तुकड्यात अळी तिरपी घातली, म्हणजे तिचा रेटा तुकड्याला काचेशी दाबून धरतो. हळूहळू ओढल्यावर तुकडा आला. नसता आला, तर आत ढकलून वाइन स्वच्छ फडक्यातून गाळली असती. चव बिघडत नाही.

फसफसणाऱ्या वाइनला मात्र हा उपाय नाही. नारायणगावला 1980च्या दशकात अशी वाइन बनू लागली, नाशिककडेही बनते. बाजारात आपण पितो त्या गोटीसोड्यातही फसफस आणणारा तोच वायू असतो. पण हिरम कॉडच्या 1872च्या त्या बाटलीत वायू गोटीला आतून वर दाबून धरतो आणि आपण ती आत ढकलतो. इथे बूच बाहेर झेपावतं. आतला दाब सहा वातावरणांच्या आसपास, मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या दुपटीहून जास्त असतो. आधी हे बूच दोरीने बांधत. 1844 साली अडोल्फ जाकसों याने त्यावर तारेची जाळी आणली. तिची कडी सहा अर्धे वेढे फिरवली की सुटते आणि धोका तिथूनच सुरू होतो.

म्हणून बाटली आधी चांगली गार करा, कारण गरम वाइनमधून वायू जोराने सुटतो. प्रवासातून आलेली बाटली त्या दिवशी उघडू नका. कडी सोडण्याआधीच अंगठा बुचावर ठेवा आणि काम होईपर्यंत काढू नका. जाळीही बुचावरच राहू द्या. बाटली तिरपी धरा, तोंड माणसांकडे किंवा दिव्याकडे नको. बूच घट्ट धरून बाटली बुडाकडून फिरवा. बूच हलत नसेल तर वर फडकं घालून पकडा, पण दाब असताना स्क्रू लावू नका. ते वर येऊ लागलं की उलट दाबून धरा आणि वायूला कडेने सुटू द्या. आवाज हलका 'फुस्स' असा आला पाहिजे. फटाक्यासारखा आला तर बूच तुमच्या हातून सुटलेलं असतं.