पॉडकास्टची ध्वनिपातळी : शिखर, सरासरी आणि लाउडनेस

ध्वनिमुद्रणाचा आवाज मोजणारे तीन मीटर संपादनाच्या पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात. पीक मीटर तरंगाचे सर्वांत उंच टोक दाखवतो. आरएमएस मीटर ठरावीक काळातील विद्युतसंकेताची सरासरी देतो. लाउडनेस मीटर कानाला आवाज किती मोठा वाटेल याचा अंदाज ‘एलयूएफएस’ या एककात सांगतो. त्यातील 1 एलयू फरक म्हणजे 1 डेसिबल फरक. लाउडनेस मोजण्याची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बीएस.1770 या शिफारशीत 2006 मध्ये मांडली. भाग श्रोत्याला किती मोठा ऐकू येईल, हे ठरवताना भरवसा तिसऱ्या मीटरवर ठेवावा. पहिल्याचे काम राखणदाराचे, आणि दुसऱ्याची फारशी गरज उरत नाही.

समजा, लोणावळ्यातील चिक्कीच्या कारखान्यात कारागिराची मुलाखत मुद्रित केली. गरम चिक्की ओट्यावर लाटून कापताना पात्याचा खट्‌ आवाज माइकवर आदळतो. हा ठोका काही मिलिसेकंदांचा, पण पीक मीटर त्याच्यामुळे शून्याखाली 1 डेसिबलपर्यंत चढतो. मीटर पाहणाऱ्याला वाटते, आवाज भरपूर आहे, आणखी वाढवायला जागा नाही. प्रत्यक्षात पूर्ण भागाचा लाउडनेस उणे 26 एलयूएफएस असू शकतो. ॲपल पॉडकास्ट्स सुमारे उणे 16 सुचवते. म्हणजे बोलणे 10 डेसिबल कमी पडते, आणि पुणे-लोणावळा लोकलच्या खडखडाटात ते बुडून जाते. सगळा भाग 10 डेसिबलने वाढवला, तर ठोका शून्याच्या 9 डेसिबल वर जाऊन फाटेल. म्हणून वाढवताना लिमिटरने फक्त ती टोके उणे 1 वर दाबावीत. येथे पीक मीटरचा, तोही नमुन्यांमधली टोके पकडणाऱ्या ‘ट्रू पीक’ प्रकाराचा, खरा उपयोग आहे. आवाज फाटेल का, हे तो सांगतो. मोठा वाटेल का, हे सांगू शकत नाही.

आरएमएस ठोक्याने फसत नाही, पण दोन ठिकाणी चुकतो. पूर्ण फाइलचा आरएमएस शांततेलाही सरासरीत धरतो. भागाचा एक तृतीयांश वेळ शांत असेल, तर बोलणे तेवढेच मोठे असूनही आकडा सुमारे पावणेदोन डेसिबलने घसरतो. लाउडनेस मीटर मात्र 400 मिलिसेकंदांचे तुकडे तपासतो आणि भागाच्या सरासरी पातळीपेक्षा 10 एलयूहून अधिक खाली गेलेले तुकडे मोजणीतून वगळतो. दुसरी चूक खर्जाची. द्रुतगती मार्गालगतच्या खोलीत ट्रकांचा घुमारा माइकमध्ये शिरतो. कानाला तो फारसा मोठा वाटत नाही, तरी आरएमएस तो पुरेपूर मोजतो. लाउडनेस मीटर मोजण्याआधी अगदी खालचा खर्ज उतरवतो आणि कानाला टोचणाऱ्या वरच्या पट्टीला अधिक वजन देतो.

यावर आक्षेप असा, की एकच आकडा भागाचे चित्र देत नाही. तो रास्त आहे. वरच्या मुलाखतीत दोन तृतीयांश वेळ निवेदक बोलला आणि कारागीर माइकपासून लांब होता असे धरा. निवेदक उणे 14.6 वर आणि कारागीर उणे 22.6 वर असेल, तरी एकूण आकडा नेमका उणे 16 भरतो, आणि श्रोता मात्र प्रत्येक उत्तराला आवाज वाढवत राहतो. पण याचे उत्तर मीटर टाकून देण्यात नाही. तीन सेकंदांचा ‘शॉर्ट-टर्म’ लाउडनेस पाहिला की ही 8 एलयूची दरी लगेच दिसते. आधी दोन्ही आवाज वेगवेगळे जुळवावेत, मग एकूण पातळी लावावी. ऐकवणारे ॲप पातळी आपोआप सारखी करते, असाही युक्तिवाद होतो. सगळी ॲप तसे करत नाहीत; आणि करणारी बहुधा पूर्ण भाग एकाच मापाने वरखाली करतात, त्याने ही दरी बुजत नाही.

मर्यादा दोन. मोनो फाइल एकाच वाहिनीची असल्याने मीटर ती 3 एलयू कमी दाखवतो. मोनोतील उणे 19 हे दोन कानांत वाजताना स्टिरिओतील उणे 16 इतकेच मोठे असते. हे विसरल्यास भाग उगाच फुगवला जातो. दुसरी मर्यादा मावळातल्या पावसाची. पत्र्यावरचा मारा बोलण्याच्या 8 एलयू खाली असेल, तर वगळण्याच्या रेषेच्या वर राहतो आणि मीटर त्यालाही मजकूर समजून मोजतो. आकडा बरोबर येतो, शब्द मात्र पावसात हरवतात. शब्द कळतात का, हे कोणताही मीटर मोजत नाही. ते हळू आवाजात ऐकूनच ठरवावे लागते. पातळीबद्दल मात्र कानावर विसंबू नये, कारण तासभर संपादन करणारा कान त्या आवाजाला सरावतो. मीटर सरावत नाही.