शॅम्पू : एका शब्दाचा प्रवास

शॅम्पू : हिंदी ‘चाँपना’ (दाबणे, चेपणे) या क्रियापदाच्या ‘चाँपो’ या आज्ञार्थी रूपावरून इंग्रजीत आलेला शब्द. अठराव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा केसांशी वा साबणाशी संबंध नव्हता. अर्थ होता अंग रगडणे. असेच इंग्रजीत गेलेले बंगला, जंगल हे शब्द मूळ अर्थाच्या जवळपास राहिले, हा मात्र भरकटला.

इंग्लंडमध्ये तो रुळवण्यात पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद (१७५९–१८५१) यांचा मोठा वाटा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यातून आयर्लंडला गेलेल्या या गृहस्थांनी पुढे ब्रायटन येथे औषधी वाफेचे स्नानगृह चालवले. वाफेने घाम आल्यावर फ्लॅनेलच्या तंबूत बसलेल्या रुग्णाचे अंग बाहेरून हात घालून रगडले जाई. संधिवाताचे रुग्ण तेथे येत. चौथ्या जॉर्ज राजाने त्यांना ‘शॅम्पूइंग सर्जन’ नेमले. पदवी आज हास्यास्पद वाटते, तेव्हा ती मानाची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्थ आक्रसून डोके धुण्यापुरता उरला, मग धुण्याच्या द्रव्यालाही तेच नाव मिळाले. भारतात हा शब्द बाटलीतून परतला. मूळ मर्दनाचा अर्थ इथल्या ‘चंपी’ने टिकवला आहे.