सोन्याची मोड आणि घटीचा इतिहास



दोन वर्षांपूर्वी काकांच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्या मावशीला तिच्या आईची बोरमाळ विकावी लागली. डब्यात माळेबरोबर एक चिठोरे होते आणि त्यावर ‘साडेतीन तोळे’ असे लिहिलेले होते. आजच्या बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम. तेव्हा माळ ३५ ग्रॅमची असणार, असे मावशीने घरीच ठरवून टाकले. दुकानात काटा बरोबर ४० ग्रॅमवर थांबला तेव्हा तिला सुखद धक्का बसला. वस्तुतः ते चिठोरे जुन्या तोळ्याचे होते. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, म्हणून साडेतीन तोळ्यांचे जवळजवळ ४१ ग्रॅम होतात. म्हणजे वजन वाढले नव्हते, उलट पन्नास-साठ वर्षांच्या वापराने थोडे झिजलेच होते.

मावशीचे समाधान फार वेळ टिकले नाही. दुकानदाराने माळ हातात घेऊन सांगितले, “बोरे पोकळ आहेत, आत लाख आहे. लाख आणि दोरा मिळून दहा ग्रॅम धरू.” राहिले तीस. मग त्याने एक मणी कसोटीवर घासला आणि म्हणाला, “मणी बाविशीचे आहेत, पण सांधे फार, तेव्हा एकवीस कॅरट धरतो.” आणि शेवटी, “सांध्यांमुळे आटणीत घट जाते, ती चार टक्के.” तीस ग्रॅममधून चार टक्के गेल्यावर २८.८० ग्रॅम उरले, आणि एकवीस कॅरटने त्यात शुद्ध सोने २५.२० ग्रॅम निघाले. मावशीने माळ परत डब्यात ठेवली. त्या दुकानदाराला मी लबाड म्हणत नाही. परंतु त्याच्या तीन वाक्यांत एक फार जुना प्रश्न दडलेला आहे आणि आज त्याविषयीच बोलायचे आहे.

कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली म्हैसूरला छापून प्रसिद्ध झाले, तेव्हा विद्वानांचे लक्ष मंत्री, हेर आणि मंडल यांच्याकडे गेले. त्यातील सुवर्णाध्यक्षाचे आणि सौवर्णिकाचे प्रकरण मात्र सराफकट्ट्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. कसोटीचा दगड कोणता चांगला, हे तेथे सांगितले आहे. कलिंग देशातील किंवा आपल्या तापीच्या पात्रातील, मुगाच्या रंगाचा दगड श्रेष्ठ. तो सोन्याचा खरा रंग दाखवतो आणि घेणाऱ्याला व देणाऱ्याला सारखाच हितकर असतो. हत्तीच्या कातडीसारखा, हिरवट छटेचा दगड रंग चढवून दाखवतो, म्हणून तो विकणाऱ्याच्या हिताचा. कठीण, खरबरीत, डागाळ रंगाचा दगड रंग दाबतो, म्हणून तो विकत घेणाऱ्याच्या हिताचा. ग्राहकाला दगड पारखता आला नाही तर सोने पारखून उपयोग नाही, हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका राज्यशास्त्रज्ञाला माहीत होते! विशिष्ट द्रव्ये बोटांना लावून सोन्याला स्पर्श केला तर ते पांढरट दिसू लागते, असेही तो नोंदवतो. म्हणजे चांगले सोने हलके ठरवण्याची कलाही तेवढीच जुनी आहे.

कसोटीची रीत आजही मूळचीच आहे. दागिना काळ्या दगडावर घासून रेघ काढतात. शेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सुईची रेघ काढतात आणि दोन्हींवर तेजाब लावून कोणती आधी फिकी पडते ते पाहतात. मुरलेल्या सराफाची नजर अर्ध्या कॅरटपर्यंत बरोबर जाते. तिची खरी मर्यादा दुसरीकडे आहे. दगड फक्त घासलेल्या जागेचा कस सांगतो. दागिना उजाळताना सोनार पृष्ठभागावरचे तांबे काढून टाकतो, त्यामुळे वरची कातडी आतल्या अंगाहून चोख असते. म्हणून आधी कानशीने थोडे खरवडून मग घासावे लागते. हल्ली दुकानात क्ष-किरणांचे यंत्र असते. ते दागिन्याला ओरखडाही न काढता अर्ध्या मिनिटात आकडा दाखवते, पण तेही वरचा अतिशय पातळ थरच पाहते. शिवाय दोन्ही रीतींनी मणी तपासला तर मण्याचा कस कळतो, सांध्याचा नाही.

आता सांध्याकडे येऊ, कारण घटीचे मूळ तेथे आहे. दोन तुकडे जोडायला लावतात तो डाख दागिन्याच्या आधी वितळला पाहिजे, म्हणून त्यात सोने कमी आणि चांदी, तांबे, जस्त अधिक असते. बोरमाळेत प्रत्येक मणी दोन वाट्यांचा आणि वर कडी; म्हणजे डाख भरपूर. असा दागिना आटवला की बाविशीचे मणी आणि हलका डाख एक होतात आणि लगडीचा कस मण्याच्या कसापेक्षा खाली येतो. हा तोटा खरा आहे आणि तो विकणाऱ्याने सोसलाच पाहिजे.

परंतु लगडीचे वजन का घटते, हा वेगळा प्रश्न आहे. सोने सुमारे १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्या उष्णतेला ते उडून जात नाही, जळत नाही आणि गंजत नाही. जळते ती राहिलेली लाख, साबण आणि मळ. उडून जाते ते डाखातले जस्त. थोडे तांबे काजळून टाकणखाराबरोबर वर येते. म्हणजे मुशीतून जे जाते ते बहुतेक सोने नसतेच. वजन शेकडा एकाने कमी झाले तर सोने तेवढेच राहते आणि उरलेल्या लगडीचा कस किंचित वाढतो. म्हणून आटवल्यानंतरच्या लगडीचे वजन धरून तिचाच कस लावला, तर घट त्या हिशेबात आपोआप आलेली असते. ती पुन्हा वजा करणे म्हणजे एकच देणे दोनदा घेणे. आमच्या दुकानदाराने सांध्यांसाठी बाविसाचे एकवीस केले आणि सांध्यांसाठीच चार टक्केही कापले, ते हेच.

खऱ्या घटीला मर्यादा असते, हे कौटिल्यालाही पटले होते. तापवून काम केलेल्या सोन्यात त्याने सुवर्णामागे एक काकणी क्षय मान्य केला. सुवर्ण म्हणजे सोळा मासे आणि काकणी म्हणजे पाव मासा. तेव्हा हे प्रमाण चौसष्टात एक, म्हणजे शेकडा दीडच्या आसपास पडते. त्यापलीकडे जे जाते ते कोठे जाते, याची त्याने यादीच दिली आहे: खोट्या तळाची मूस, फुंकणी, चिमटा, मुशीतली किटण. सोनाराने डोक्याला हात लावला, मांडीकडे पाहिले, माशी हाकलली, पाण्याच्या भांड्यात हात घातला, की लक्ष ठेवावे असे तो सांगतो. माशी हाकलण्यावर संशय घेणारा लेखक मला तरी दुसरा भेटलेला नाही.

नाव आणि वास्तव यांतील अंतर राज्यकर्त्यांनाही अनुभवावे लागले. अकबराच्या टांकसाळीचे वर्णन करताना अबुल फजल सांगतो की, दक्षिणेतला जुना होन शुद्ध, दहा बानाचा मानला जात असे. बादशहाने तो साडेआठ बान ठरवला. त्या वेळी उत्तम सोने बारा बानाचे समजत आणि टोकाला निरनिराळ्या कसाचे सोने लावलेल्या सुया घेऊन कसोटीवर रेघा जुळवत. होन आपल्या मुलखातला, म्हणून हे वाचून थोडे वाईट वाटते; पण नाण्यावरच्या विश्वासापेक्षा रेघ अधिक खरी.

आपल्या घरच्या दागिन्यांपुरती एक तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ९ जानेवारी १९६३ रोजी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडवण्यास बंदी झाली. ही बंदी १९६६ मध्ये उठली. पुढे १९६८ चा नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. बंदीच्या त्या वर्षांत घडवलेला दागिना खरोखरच चौदा कॅरटचा असू शकतो. अशा वेळी सराफाने कस कमी सांगितला म्हणून भांडण्यापूर्वी दागिना कोणत्या साली घडवला, हे घरात विचारावे. सोन्यावर शिक्का मारण्याची भारतीय मानक ब्यूरोची योजना २००० साली सुरू झाली आणि १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. आजीच्या डब्यात शिक्का शोधण्यात अर्थ नाही. शिक्का नाही म्हणून जुना दागिना विकता येत नाही, हे मात्र खरे नव्हे. ती सक्ती नवा माल विकणाऱ्या सराफावर आहे.

मावशीच्या माळेचे पुढे असे झाले. दुसऱ्या एका पेढीने दागिना तिच्यासमोर आटवण्याची तयारी दाखवली. माळ मोडल्यावर नकार देणे कठीण असते. म्हणून आधीच कागदावर ठरवून घेतले की भाव पटला नाही तर आटणावळ देऊन लगड परत न्यायची. दोरा काढला, मणी तापवून फोडले आणि लाख बाहेर काढली. दोरा व लाख नऊ ग्रॅम भरले, दहा नव्हे. धातू ३१ ग्रॅम. आटवल्यावर लगड भरली ३०.७० ग्रॅम, म्हणजे खरी घट शेकडा एक. मग लगडीचा नमुना तपासणी केंद्रात गेला.

तेथली रीत अग्निपरीक्षेची. पाव ग्रॅमच्या आसपासचा नमुना चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र वाटीत भट्टीत ठेवतात. पूर्वी ही वाटी हाडांच्या राखेची करीत. शिसे हलक्या धातूंना घेऊन वाटीत मुरते. उरलेला सोन्याचांदीचा मणी पत्र्यासारखा लाटून नायट्रिक ॲसिडात उकळतात. चांदी विरघळते आणि राहिलेले सोने तोलतात. यात चूक हजारी एकाच्या आसपास राहते. फक्त लगड वितळताना नीट ढवळलेली हवी, म्हणून नमुना दोन बाजूंनी घेतलेला बरा.

उत्तर आले हजारी ८८५. बावीस कॅरट म्हणजे ९१६ आणि एकवीस म्हणजे ८७५. दुकानदाराचा सांध्यांचा अंदाज फारसा चुकलेला नव्हता. ३०.७० ग्रॅमला ८८५ ने शुद्ध सोने २७.१७ ग्रॅम झाले. पेढीने शुद्धीकरणाचा एक टक्का उघड सांगून कापला आणि २६.९० ग्रॅमचे पैसे, त्या दिवशीच्या चोख सोन्याच्या भावाने दिले. पहिल्या दुकानात २५.२० मिळत होते. फरक १.७० ग्रॅमचा. हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमला दहा हजार धरले, तर सतरा हजार रुपये.

त्यांतले बरेचसे लाखेच्या एका ग्रॅमच्या अंदाजातून गेले असते, उरलेले दुबार घटीतून. भाव मात्र दोन्ही दुकानांत एकच लिहिलेला होता. म्हणून भाव विचारण्याआधी मी आता दुसरेच विचारतो: लाख तोलून कापणार की अंदाजाने, कस दागिन्याचा लावणार की लगडीचा, आणि लगडीचा लावणार असाल तर घट कशाची? मावशीने लगडीच्या तपासणीचा कागद त्याच डब्यात, आईच्या चिठोऱ्याशेजारी ठेवला आहे.